माशांच्या टाकीचा पंप

जाहिरात लिहायचं काम वहिनीचं, कारण घरात शुद्धलेखन तेवढं तिच्याच वाट्याला आलं होतं. फवारणी तिच्या दिराची. दुकानात बसून तिनं फोनवर लिहिलेलं वाचून दाखवलं.

"झुरळांचा बंदोबस्त. आधी पाहणी, मग फटींत आणि बिजागऱ्यांत जेलचे ठिपके, मोरीपाशी फवारणी. चार तास मुलं, कुत्री-मांजरं बाहेर. आल्यावर खिडक्या उघडा. अंडी औषधाला दाद देत नाहीत, म्हणून पंधरा दिवसांनी दुसरी फेरी, मोफत. मुलं आणि पाळीव प्राणी शंभर टक्के सुरक्षित. कसं वाटतं, भाऊजी?"

भाऊजींच्या कानात बुडबुडे वाजत होते. पंधरा दिवस तेच चाललं होतं. तोंड धुताना बुडबुडे, गाडीवर बसला तरी बुडबुडे. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही.

"शंभर टक्के काढा," तो म्हणाला.

"आणि मग आपल्याला बोलावणार कोण?"

तेव्हा त्याला सांगावंच लागलं. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यानं माशांची टाकी नीट झाकली होती, पण पंप बंद करायला विसरला. पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. हवेबरोबर औषधही पाण्यात गेलं. संध्याकाळी त्या घरातून फोन आला, पाचही मासे मेले. आणि दहा वर्षं या धंद्यात मुरलेल्या माणसानं बेधडक सांगून टाकलं, की मासे आधीच आजारी असतील.

वहिनीनं शंभर टक्क्यांची ओळ खोडली आणि लिहिलं, माशांची टाकी असेल तर आधी सांगा, पंप आम्ही स्वतः बंद करू. त्याला हायसं वाटलं. स्वस्तात सुटलो, असंही वाटलं.

"त्यांची दुसरी फेरी कधी?" तिनं विचारलं.

"आज. पण अंग जरा कसकसतंय."

"गोळी घ्या आणि जा."

तिसऱ्या मजल्यावरचं दार त्या घरच्या बाईनं उघडलं. मागे तिची आठेक वर्षांची मुलगी उभी होती. टाकीत नुसतं पाणी होतं आणि पंप चालू होता. कानातला आवाज कुठला नि खोलीतला कुठला, त्याला कळेना.

"बंद केला की हिला झोप लागत नाही," आई म्हणाली.

त्यानं ओट्याखाली टॉर्च मारला. झुरळांची दोन-चार बारीक पिल्लं दिसली, तिथं जेलचे नवे ठिपके दिले. हात धुऊन तो मुलीसमोर खाली बसला आणि सगळं सांगितलं. पंपाचं, फवारणीचं, आणि फोनवरच्या खोट्याचंही.

आईचा चेहरा कठीण झाला. चार शब्द ऐकायची त्यानं मनाची तयारी केली होती. पण बोलली ती मुलगी, आणि तीही आईशी.

"म्हणजे मी त्या दिवशी जास्त खाऊ टाकला म्हणून नाही ना मेले?"

आई मटकन खुर्चीवर बसली. पोर पंधरा दिवस हे उराशी धरून होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

"नाही बाळा," तो म्हणाला. "माझ्यामुळे मेले."