बुडालेल्या सूर्याचा फोटो

काकूंचं डोकं सकाळपासून सणकलं होतं. निवृत्तीनंतर फोटोग्राफीचं खूळ शिरलेल्या काकांनी न विचारता काकूंच्या फोनवर आपण काढलेला सूर्यास्त वॉलपेपर म्हणून लावून ठेवला होता. वर लख्ख पिवळं आकाश आणि त्यावर पांढरं घड्याळ. वेळ दिसली नाही आणि दातांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट हुकली.

"अगं, आकाशाचा रंग बघ की," काका म्हणाले.

"रंग बघू की वेळ बघू?"

काकांनी दुसरा लावला. त्यातल्या ढगांच्या गिचमिडीत आयकॉनखालची नावं वाचता येईनात. तिसऱ्यात सूर्य नेमका घड्याळामागे. काकूंनी फोन हिसकावून घेतला आणि काकांनी टायमर लावून काढलेला, उशीर झाला म्हणून वाया गेलेला फोटो लावला. सूर्य बुडालेला, वर गडद निळं आकाश, खाली काळपट पाणी आणि काठावर ऐटीत उभे काका. घड्याळ ठसठशीत दिसू लागलं, आयकॉनची नावंसुद्धा.

"पण मी आयकॉनच्या मागे गेलो," काका कुरकुरले.

"जा," काकू म्हणाल्या. "तिथे तरी मध्ये येणार नाही."