न खोडलेलं नाव

सोलांज बेरोने पिओनीच्या देठांची टोकं तिरकी कापली आणि फुलं पुन्हा एकदा मोजली. नऊ. मोजून आणलेली, रीतीप्रमाणे विषम.

"मस्यू तेव्हने स्वतः आले होते हो," इमारतीच्या राखणदार फोन्सेकाबाई दाराच्या चौकटीला टेकून म्हणाल्या. "मी म्हटलं, तीनच तर जिने आहेत, चला वर. तर म्हणतात, जेवणाच्या दुसऱ्या दिवशी यजमानीणबाईंना त्रास द्यायचा नसतो. फुलं तेवढी पोचवा."

"आणि पाकीट?"

"हे काय. उघडंच आहे. मी वाचलं नाही, मादाम." त्या जरा थांबल्या. "ओळी चारच आहेत, एवढंच दिसलं."

सोलांजला हसू आलं. ज्याच्या हाती पाठवायचं, त्याच्यावर विश्वास म्हणून पाकीट चिकटवायचं नाही, ही रीत ल्यों शहरात आता किती जणांना ठाऊक असेल? काल जेवायला आलेल्या दोन्ही जोडप्यांनी सकाळीच फोनवर आभार धाडले होते. एकाने तर पाठोपाठ हसरा चेहरा.

नवरा, राफाएल, गेल्यानंतरच्या सात महिन्यांतलं ते पहिलंच जेवण. माणसं सहा, आणि तिने सात ताटं मांडली. सूप वाढताना ते सगळ्यांच्याच ध्यानात आलं. कुणीतरी घाईघाईने हवेबद्दल बोललं. ताट उचलायचं कुणाला सुचलं नाही, तिलाही नाही. साडेदहालाच सगळे उठले. दाराशी सगळे म्हणाले, पुन्हा भेटू. कधी, ते कुणी म्हणालं नाही. कपबशा विसळताना तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, की आता पुरे, आता कुणाला बोलवायचं नाही.

तिने कार्ड बाहेर काढलं. जाड, पिवळसर, उठावाच्या अक्षरांचं. छापील नावाखाली निळ्या शाईत थरथरतं अक्षर:

"प्रिय मादाम, सातव्या ताटाशेजारची जागा मला मिळाली. पुष्कळ दिवसांनी जेवताना एकटं वाटलं नाही. आपल्या त्या संध्याकाळबद्दल मनापासून आभार. आदरपूर्वक प्रणाम."

तिने दोनदा वाचलं. मग नजर वर गेली, छापील नावाकडे, आणि तिचा चेहरा उतरला.

"काय झालं?" फोन्सेकाबाईंनी विचारलं. "वाईटसाईट लिहिलंय का काही?"

"नाही. चांगलंच लिहिलंय." तिने कार्ड टेबलावर ठेवलं. "पण नाव खोडलेलं नाही."

"म्हणजे?"

"आपल्या माणसाला लिहायचं तर छापील नावावर पेनाने एक तिरकी रेघ ओढायची. ही छापील ओळख राहू दे, तुमच्यासाठी मी नुसता मीच, असं. परक्याला लिहिताना नाव तसंच ठेवतात." ती खिडकीकडे वळली. "तीस वर्षांची ओळख आहे, बाई. ओळी काय, सभ्यपणाने कुणीही लिहितो. खरं काय ते रेघ सांगते."

फोन्सेकाबाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. आता त्यांनी उघडपणे वाचलं, बोट फिरवत.

"मस्यू आणि मादाम एतियेन तेव्हने," त्या पुटपुटल्या. "पण यांच्या मादाम तर..."

"क्लोतिल्द. जाऊन दोन वर्षं झाली."

"मग जुनीच कार्डं वापरतायत बिचारे." त्यांनी कार्ड उजेडाकडे धरलं. "अहो, आणि इथे बघा. अक्षराच्या अगोदर ठिपका आहे. पेन टेकवलंय की."

सोलांज जवळ आली. होता. पहिल्या अक्षराच्या अलीकडे, जिथून रेघ निघते, तिथे निळा ठिपका. शाई कागदात झिरपून जरा फुलली होती. पेन बराच वेळ तिथे थांबलं असावं. पुढे गेलं नव्हतं. पुढे एकाच रेघेखाली दोघंही येत होती, तो आणि क्लोतिल्द.

फोन्सेकाबाईंनी जमिनीवरची देठांची कापलेली टोकं ओंजळीत वेचली.

आभाराच्या चिठ्ठीला उत्तर द्यायचं नसतं, तीही रीतच. सोलांजने बराच वेळ फुलं सारखी केली, सारखी होती तरी. मग कपाटाच्या खालच्या खणातून तिने एक चपटी पेटी काढली. आतली कार्डं निम्म्याहून जास्त शिल्लक होती. मस्यू आणि मादाम राफाएल बेरो.

तिने एक घेतलं आणि नावाखाली लिहिलं:

"प्रिय मित्रा, गुरुवारी आठ वाजता. ताटं चार."

मग पेन उचलून नावाच्या सुरुवातीला टेकवलं. शाई हळूहळू पसरली. तिने पेनाला टोपण लावलं आणि कार्ड पाकिटात सरकवलं.

"हे त्यांच्याकडे द्याल?"

"देईन की, वाटेवरच आहे." फोन्सेकाबाईंनी पाकीट घेतलं, उलटून पाहिलं. "चिकटवायचं राहिलंय, मादाम."

"राहिलं नाही," सोलांज म्हणाली.