दहा थर

वासुदेव डहाणू रोड स्टेशनात बुकिंग क्लार्क होता. तिकिटं फाडून झाली की त्याला वेळ मिळे, आणि वेळ मिळाला की तो कागदावर कारखाने काढी. एक कारखाना खरा झाला. मसोलीत, घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत, शिवणाची चार पायमशीन. कागदोपत्री तो बायकोच्या, प्रभाच्या नावावर, कारण रेल्वेतल्या माणसाला धंदा करता येत नाही. काम बघायचं प्रभाने आणि अक्कल चालवायची वासुदेवने.

काम एकच होतं. तलासरीच्या बाजारातल्या देवजीशेठच्या कापडदुकानाला शाळेच्या खाकी चड्ड्या शिवून द्यायच्या. कापड शेठचं. एका ताग्यातून किती नग निघायचे ते शेठने आधीच ठरवलेलं. कमी निघाले तर कमी पडलेल्या कापडाचे पैसे कारखान्याच्या बिलातून जाणार. माल मे अखेर दुकानात हवा, कारण जूनला शाळा उघडते आणि जून उलटल्यावर खाकी चड्डी कोणी विचारत नाही.

वासुदेवने योजना मांडली. एका रविवारी तो घड्याळ घेऊन भिकीच्या मशीनपाशी बसला. भिकी आशागडची. नवरा लक्ष्या वीटभट्टीवर, तीही दोन वर्षं भट्टीवर डोक्यावरून विटा वाहत होती. मशीनवर बसल्यापासून तिची मान दुखायची थांबली होती, आणि त्या खुर्चीवरून आता हलायचं नाही असं तिने मनाशी धरलं होतं. चौघींत तिचा हात सगळ्यात चालता. त्या दिवशी मशीनला तेल घातलेलं, दोरा भरलेला, कापलेले भाग जोड्या लावून मांडीशी ठेवलेले. साहेब बघतायत म्हणून तिने जीव तोडून शिवलं. अर्ध्या तासात एक चड्डी. वासुदेवने गुणाकार केला: आठ तास, सोळा चड्ड्या, चार मशीन. सोळा नग शिवले तर दिवसाची मजुरी सुटेल असा नगाचा दर बांधला आणि तो शेठला कळवून टाकला. योजनेत मशीन रिकामी राहण्यासाठी एक रकाना होता. त्यात त्याने शून्य लिहिलं.

लोकांच्या पोटावर असं शून्य लिहायला फार शिकावं लागत नाही.

खरी गोष्ट अशी की चार मशीनना कापून देणारा एकच विष्णूमास्तर. त्याचं स्वतःचं दुकान डहाणू गावात. तो साडेनवाला यायचा, खडूने आखायचा, चार थर एकावर एक घालून मोठ्या कात्रीने कापायचा. पहिले भाग हातात पडेपर्यंत अकरा वाजत. तोवर चार बायका मशीनवर हात ठेवून बसलेल्या. भिकीची सुद्धा दहाच्या वर चड्डी जाईना. चौघींतल्या नवशीची तर सातावर अडायची.

पहिल्या आठवड्याची मजुरी हातात आल्यावर भिकीने विचारलं, बसलेल्या वेळेचं काय. वासुदेव म्हणाला, काम नगावर आहे, जितके नग तितका दाम. ती म्हणाली, मग कापड वेळेवर द्या. मग त्याने विष्णूला धरलं.

"चार थर कशाला? दहा घाला. एका कापणीत अडीचपट माल निघेल, मशीन बसणार नाही."

विष्णू म्हणाला, खाकी जाड असते, खालचे थर सरकतात. वासुदेव म्हणाला, वजन ठेवा. विष्णूला घरी जायची घाई असायची. त्याने दहा थर घातले.

मशीन धावायला लागल्या. आठ दिवस वासुदेव खूश होता, स्टेशनात हाताखालच्या पोराला धंदा शिकवत होता. मग पहिले तीन तागे संपले आणि नग मोजले. चड्ड्या बऱ्याच कमी. तेवढं कापड हवेत तर जात नाही.

शिंप्याकडे एक रीत असते: कातरण शिवणाऱ्याची. बोटभर पट्ट्या, कोपऱ्यांचे तुकडे बायका संध्याकाळी पदरात बांधून नेत, घरी गोधडीला लावत. प्रभाने पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं. वासुदेवला आता तेच आठवलं. कातरणाच्या नावाखाली कापड जातंय, असं तो म्हणाला. प्रभा म्हणाली, मी रोज बघते, चिंध्याच असतात. तो म्हणाला, तुला काय कळतं, आणि कमी पडलेल्या नगांचे पैसे चौघींच्या मजुरीतून कापायचे ठरवले. शिवाय जाताना दाराशी प्रत्येकीचं गाठोडं सोडून बघायचं.

बघायचं कुणी? प्रभाने. पुरुषाने बायकांच्या पदराला हात कसा लावायचा? तेवढी लाज त्याला होती.

त्या संध्याकाळी नवशीने गाठोडं मुकाट्याने सोडलं. दुसऱ्या दोघींनीही. भिकी दारात उभी राहिली. प्रभाने हात पुढे केला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

"वयनी," भिकी म्हणाली, "तुमी सांगितला तवा नेला. आता तुमीच सोडा."

प्रभाने सोडलं. आत चिंध्या होत्या. भिकीने त्या उंबऱ्यावर झटकल्या, पदर खोचला आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिची मशीन रिकामी राहिली. तिसऱ्या दिवशीही. शून्याचा रकाना आता भरू लागला.

बाकीच्या तिघींचा हात त्या दराला पुरेना. दर बांधला होता भिकीच्या हातावर, आणि भिकी नव्हती. मजुरी कापली गेली तेव्हा त्यातल्या एकीने यायचं सोडलं. मे अर्धा सरला होता. एका दुपारी मशीन बसल्या होत्या म्हणून प्रभा खोली झाडायला लागली. कापायच्या टेबलाखाली आखणीच्या जाड कागदांची गुंडाळी होती. ती ओढली तर मागून खाकी ढीग कोसळला. चड्डीचे पाय, कमरपट्ट्या, मागचे भाग. सगळे तिरके, कडेला दोन-दोन बोटं खाल्लेले. दहापैकी खालच्या तीन-चार थरांचे. कशाचा कशाशी जोड बसत नव्हता.

विष्णूला विचारलं तेव्हा तो कात्री पुसत म्हणाला, "दाखवले असते तर माझी मजुरी कापली असती. थर मी नाही वाढवले."

प्रभाने तो ढीग वासुदेवच्या जेवणाच्या पाटासमोर टाकला. त्याने एक पाय उचलून पाहिला, उजेडात धरला. मग म्हणाला, "बायकांना हे सांगू नकोस. कापलेले पैसे परत मागतील."

ती जेवायला बसली नाही. सकाळी आशागडला गेली.

भिकीच्या झोपडीत कुणी नव्हतं. दाराशी वलणीवर गोधडी वाळत होती. प्रभा तिच्याकडे बघत राहिली. खाकी पट्टी, खाकी कोपरा, खाकी पट्टी. सगळी गोधडी बोटभर तुकड्यांची. तळहाताएवढा तुकडा कुठे नव्हता.

भिकी भट्टीवर सापडली. डोक्यावर फळी, फळीवर विटा, मानेवर चुंबळीतून ओघळलेली लाल धूळ. प्रभाने सांगितलं: तुझं काही नव्हतं, कापणीत गेलं, टेबलाखाली सापडलं. ये परत. कापलेले पैसे मी देते, त्यांना न सांगता देते.

भिकीने विटा उतरवल्या, रचल्या. घाम पुसला.

"ह्ये सायबान्ला म्हाईत हाय?"

"आहे."

"मग तो का नाय आला?"

भिकीने फळीवरची धूळ झटकली.

"भट्टीवालाबी मारतो, शिव्या देतो," ती म्हणाली. "पन पदर सोडाया नाय लावत. तुमी जावा, वयनी. मुकादम बघतो हाय, ही खेप गेली तर माझी मजुरी जायची."

तिने रिकामी फळी उचलली. मान दुखत होती हे तिच्या चालण्यातच दिसत होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात देवजीशेठने टेम्पो पाठवला. निम्म्या चड्ड्या तयार होत्या. त्या घेतल्या, उरलेले तागे परत चढवले, वाया गेलेल्या कापडाचे पैसे बिलातून कापले. बिलात उरलं त्याला बिल म्हणायचं की काय, देव जाणे. वासुदेवने दोन मशीन विकल्या. नवशीही गेली.

उरलेल्या दोन तिथेच आहेत. एक भिकीची. वासुदेव आता चिकूच्या खोक्यांची योजना लिहितो आहे. पहिल्या पानावर त्याने घड्याळ लावून कुणाचा तरी हात मोजला आहे, आणि रिकाम्या वेळेपुढे शून्य लिहिलं आहे. प्रभाने ते पाहिलं. तिने त्या पानावर दौत उपडी केली.