पहिल्या विमानात न बसलेला काका

“नववीत शाळा सोडलेलं पोरगं मला नियम शिकवणार? गप बस!”

काल सकाळी काका दारात बूट घालता घालता ओरडला. मी काय केलं होतं? आई आणि काकाच्या विमान तिकिटाच्या नियमांची इंग्रजी सात पानं आईसाठी साध्या मराठीत एका कागदावर उतरवली होती. मूळ भाडं परत नाही. विमान सुटायच्या आधी रद्द केलं तर काही कर तेवढे परत. बदल करायचा तर दंड, वर भाड्यातला फरक. आणि पहिल्या विमानात बसला नाहीत तर पुढची सगळी रद्द, परतीचंसुद्धा.

काकाला मधल्या शहरात मित्राकडे एक रात्र राहायचं होतं. आईने एकटीने इथून बसायचं, काका तिथून दुसऱ्या विमानात चढणार.

“पैसे भरलेत ना? कुठूनही चढेन. तू कंडक्टरगिरी करू नकोस.” असं म्हणून त्याच कागदाने त्याने बूट पुसले आणि मित्राच्या गावची गाडी पकडायला निघाला.

मी ठरवलं, आता एक शब्द बोलायचा नाही. दुसऱ्या विमानाच्या काउंटरवर त्याचं तोंड कसं होईल, ते रात्री मनात बघत पडलो. झोप झकास लागली.

आज दुपारी आईला कागद पुन्हा लिहून दिला. तिने बोट ठेवून वाचला आणि तिचा चेहराच उतरला.

“अरे, मग भाऊजी?”

“बसतील मित्राकडे.”

“आणि मी? विमान बदलताना कुठे जायचं, कुणाला विचारायचं? भाऊजी नसतील तर मी नाही जात. ताईला सांग, नाही जमलं.”

अकरा वर्षांनी बहिणीला भेटणार होती. आई बॅगेचं कुलूप उघडायला लागली. मी चरफडत काकाला फोन लावला, स्पीकरवर.

“काका, कागदाचा फोटो पाठवलाय. शेवटची ओळ वाच. मोठ्याने.”

त्याने वाचली. तोंडातल्या तोंडात.

“ऐकू नाही आलं.”

“पुढची सगळी रद्द... परतीचंसुद्धा. बाळा, आता काय करायचं रे?”

“बाळा? काल कंडक्टर होतो ना?”

“चुकलं माझं. कर ना काहीतरी.”

“परत म्हण. आई ऐकतेय.”

त्याने परत म्हटलं. मी तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं. आईने डोळे वटारले, तेव्हा थांबलो.

दोघांचं बुकिंग एकच आहे. आईबरोबर विमानतळावर जाऊन कंपनीच्या काउंटरवर आधी त्याचं वेगळं करायचं, मग त्याचा प्रवास मधल्या शहरातून सुरू करून घ्यायचा. दंड आणि फरक त्याच्याच कार्डातून, नंबर त्याच्याकडूनच वदवून घेतलाय. पण हे सगळं पहिलं विमान सुटायच्या आत. सहाला सुटतं, आत्ता सव्वाचार. तिथे पोचल्यावरही त्याला थोडं ताटकळत ठेवणार होतो, पण खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय, आई बॅग ओढत जिन्यापर्यंत गेलीसुद्धा. मला आता निघायला हवं.