शेवटची तपासणी

लिफ्ट दुरुस्त करणारे भाऊ दोन महिन्यांनी पुन्हा ग्रंथालयात आले तेव्हा मी त्यांना लांबूनच ओळखलं आणि हसून मान हलवली. अंगात तोच निळा डगला, खिशाला अडकवलेला टेस्टर, बोटांच्या पेरांत मुरलेलं ग्रीस. पुस्तकाला हात लावण्याआधी ते रुमालाने हात पुसायचे, म्हणून आमचे शिपाईमामा त्यांच्यावर बेहद्द खूश होते. "बाकीचे वडा खाऊन येतात आणि कपाटालाच हात पुसतात," असं मामा म्हणायचे.

मागच्या वेळी ते आले होते मुलीसाठी. मुलगी आठ वर्षांची, बोलताना अडखळायची. शाळेत मुलं नक्कल करायची. "इंटरनेटवर हजार गोष्टी आहेत, ताई. कुठल्या खऱ्या, कुठल्या खोट्या, आम्हाला काय कळतं?" असं ते म्हणाले होते.

मला असा प्रश्न विचारला की मूठभर मांस चढायचं. आमच्या ग्रंथालयाच्या वेबसाइटवर मी चाळीसेक विषयांची गाइड्स केली आहेत. एकेका विषयावरच्या आठ-दहा भरवशाच्या वेबसाइट्स, प्रत्येकीखाली दोन ओळी: ही कोण चालवतं, इथे काय मिळेल. 'मुलांचं अडखळणं' हे गाइड मी तीन याद्या शेजारी ठेवून केलं होतं. एक वाचा-उपचारतज्ज्ञांच्या संघटनेची, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयाची, एक मुलांच्या हॉस्पिटलची. जी नावं किमान दोन याद्यांत होती, ती उघडून, वाचून मग घेतली. सगळ्यात खाली छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं: 'शेवटची तपासणी', आणि तारीख.

मी त्यांच्या फोनवर ते गाइड उघडून दिलं होतं. "डोळे झाकून वापरा," असं मीच म्हणाले होते. हेच शब्द.

आता ते टेबलासमोर उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"ताई, त्या यादीव्यतिरिक्त अजून काही सापडेल का? आमची आता बोलतच नाही."

"म्हणजे?"

"महिना होत आला. चौथ्या नंबरची वेबसाइट होती ना, पालकांची, तिच्यात एकवीस दिवसांचा कार्यक्रम दिलाय. तो केला. अडखळली की वाक्य पहिल्यापासून म्हणायला लावायचं. आरशासमोर. नीट येईपर्यंत उठू द्यायचं नाही." ते थांबले. "एकदा तर तासभर बसवली होती. बाविसाव्या दिवसापासून गप्प आहे. मानेनं हो-नाही करते, बस."

चौथ्या नंबरला होती एका पालक-संघाची साधी वेबसाइट. तिथे अगदी उलट लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं: टोकू नका, वाक्य पुरं करून देऊ नका, वेळ द्या, ऐका.

मी लिंक उघडली. पत्ता तोच, नावही तेच. खाली मात्र चकचकीत फोटो, 'एकवीस दिवसांत अस्खलित' अशी हमी आणि पुढच्या कोर्ससाठी नाव नोंदवायचा चौकोन. चालवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, एकाही तज्ज्ञाचा उल्लेख नाही. अर्ध्या मिनिटात कळावं असं होतं सगळं.

ही लिंक आता दुसऱ्याच कोणाची आहे, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. "बघते मी, भाऊ. उद्या फोन करते. तोवर तो कार्यक्रम अजिबात करू नका," एवढंच तोंडातून निघालं. ते "उपकार होतील" म्हणाले, आणि ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते गेल्या गेल्या मी ती लिंक काढून टाकली. एक क्लिक. चौथ्याच्या जागी पाचवी सरकली, जसं काही कधी घडलंच नव्हतं.

मग मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्या आमच्या प्रमुख, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पत्ता सोडून दिला असेल संघानं आणि दुसऱ्या कोणी उचलला असेल. होतं असं. आपला लिंक तपासणारा प्रोग्राम दर आठवड्याला चालतो ना? त्यानं काही दाखवलं नाही ना?"

"पान उघडत असेल तर तो सगळं ठीकच म्हणतो, बाई. पानावर काय आहे ते त्याला कुठे कळतं?"

"मग यात तुझी काय चूक? काढलीस ना? झालं तर."

मला तेच ऐकायचं होतं. तरी जागेवर येऊन बसले तर चैन पडेना. मी फीड रीडर उघडला. ज्या वेबसाइट्सवर नजर ठेवायची, त्यांच्यावर काही नवीन आलं की ते आपसूक या यादीत येऊन पडतं, एकेक साइट उघडत बसावं लागत नाही. माझ्या गाइडमधल्या जवळजवळ सगळ्या वेबसाइट्स त्यात मी घातलेल्या होत्या. शिवाय मूळ साइट बंद पडली तरी एकदा आलेलं त्यात राहतं. पालक-संघाच्या नावावर बोट ठेवलं.

सगळ्यात वर सहा नोंदी त्या कोर्सवाल्यांच्या, गेल्या सहा महिन्यांतल्या. त्यांच्या खाली, नऊ महिन्यांपूर्वीची, संघाची शेवटची नोंद. 'आमची वेबसाइट चालवणारे सदस्य आता राहिले नाहीत. महिनाअखेर हा पत्ता आम्ही सोडत आहोत. ज्यांनी आपापल्या यादीत आमची लिंक दिली आहे, त्यांनी ती कृपया काढावी. इतकी वर्षं सोबत राहिल्याबद्दल आभार.'

त्यांनी सांगितलं होतं. माझ्या दारात येऊन सांगितलं होतं. त्या नोंदीवर न वाचल्याची खूण नव्हती, आणि का नव्हती तेही मला आठवत होतं. चार महिन्यांपूर्वी, वार्षिक अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी, यादीत नऊशे चाळीस न वाचलेल्या नोंदी साचल्या होत्या. लाल आकडा डोळ्यांत खुपत होता. मी 'सगळं वाचलं' हे बटण दाबलं आणि आकडा शून्यावर आला. त्याच दुपारी चाळीसच्या चाळीस गाइड्सवरची तपासणीची तारीख बदलली. एकही लिंक न उघडता. अहवालात लिहिलं, 'सर्व गाइड्स अद्ययावत.' मोठ्या बाईंनी पाठ थोपटली होती.

उगाच म्हणून मूळ तिन्ही याद्या पाहिल्या. तिघांनीही ती वेबसाइट केव्हाच काढली होती.

दुसऱ्या दिवशी फोन करायचा होता. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. फोनवर सांगणं म्हणजे पळवाट होती. त्यांच्या कंपनीत विचारून, ते जिथे कामावर होते त्या इमारतीत मी गेले. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं, समोर पिवळा अडसर. भाऊ खाली खड्ड्यात उतरलेले, बॅटरीच्या उजेडात फक्त डोकं दिसत होतं.

"ताई, तुम्ही इथे?"

ते वर आले, हात पुसले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. संघाची शेवटची नोंद, बटण, तारीख, काल गप्प राहिले तेही. मध्ये कुठे थांबले नाही, कारण थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं.

त्यांनी लिफ्टच्या आतल्या भिंतीवरचं कार्ड दाखवलं. तपासणीच्या तारखा, समोर सह्या.

"आमच्यात इथे तारीख घातली, म्हणजे मी खाली उतरून बघितलंय. न बघता घातली तर माझं लायसन जाईल. आणि कोणाचा जीव जाईल ते वेगळंच." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तुमच्या त्या पानावर मी आधी तारीखच बघितली होती. दोनच महिन्यांपूर्वीची आहे, म्हणजे ताजी आहे, असं बायकोला सांगितलं. ती म्हणत होती, पोरगी रडतेय, सोडा. मी म्हटलं, ग्रंथालयानं दिलंय."

मी मान खाली घातली.

"मोटरचा आवाज जरा बदलला तरी मला कळतो," ते म्हणाले. "घरी पोरगी रडत होती आणि मी घड्याळ लावून बसलो होतो. तुमचं तुम्ही बघा, ताई. माझं माझ्यापाशी आहे."

मी नवीन कागद आणला होता. हॉस्पिटलच्या वाचा-उपचार विभागाचा नंबर. त्याआधी वाचा-उपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या नोंदणीत तिथल्या उपचारतज्ज्ञ बाईंचं नाव शोधून, विभागाला स्वतः फोन करून खात्री केलेली. त्यांनी कागद घेतला, घडी घातली, आणि विचारलं, "हा तरी बघितलाय?"

"बघितलाय. अर्ध्या तासापूर्वी बोलले त्यांच्याशी."

ते पुन्हा खड्ड्यात उतरले.

परत येऊन मी गाइडवर ठळक सूचना लिहिली: अमुक काळात इथे दिलेली चौथी लिंक चुकीच्या हातात गेली होती, तपासणी न करता तारीख बदलली गेली होती, तिथला कार्यक्रम कोणी केला असेल तर थांबवा आणि आम्हाला कळवा. मोठ्या बाई ते वाचून खुर्चीतून उठल्या.

"तपासणी न करता, हे कशाला? आपल्या हातानं आपलं नाक कापतेस?"

"माझं नाव घाला हवं तर खाली. पण ते वाक्य राहू दे."

त्यांनी सूचना पुन्हा एकदा वाचली. शेवटी म्हणाल्या, "पाठ मीही थोपटली होती, न विचारता. राहू दे." पुढच्या आठवड्यात दोन घरांतून फोन आले. एका आईने कार्यक्रम तीन दिवसांत सोडला होता. दुसरी काही न बोलता नुसती रडली, आणि मी रिसीव्हर कानाला लावून बसून राहिले.

मग दीड महिना मी रोज दोन तास लिंक्स उघडत बसले. तीनशे बावन्न. एकेक वाचायची, 'आमच्याविषयी' पान बघायचं, चालवणारे तेच आहेत का, शेवटचं लिखाण कधीचं, मूळ याद्यांत अजून आहे का. सत्तावीस काढल्या. फीड रीडरमधून बातम्यांची, फाफटपसाऱ्याची सगळी फीड्स उडवली, जेवढी रोज खरंच वाचून होतील तेवढीच ठेवली. मामा म्हणाले, "ताई, एवढं वाचून तुम्हाला चष्मा लागेल." मला आधीच चष्मा आहे. बऱ्याच दिवसांनी हसले.

मुलीची बातमी उपचारतज्ज्ञ बाई बाहेरच्या कोणाला सांगणार नव्हत्या आणि भाऊंना विचारायचं तोंड मला नव्हतं. ते यायचे, पण पुस्तक मामांकडून बदलून घ्यायचे.

चार महिन्यांनी एका शनिवारी ते मुलीला घेऊन आले. ते दारापाशी वर्तमानपत्र चाळत राहिले. ती एकटीच माझ्या टेबलाशी आली, दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं. तोंड उघडलं आणि पहिलं अक्षर अडकलं.

"प...प...प..."

मला वाटलं, पुस्तक म्हणत असेल. शब्द माझ्या ओठांवर आला. मी तो गिळला. हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत राहिले. रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईंनी पायांवरचा भार बदलला. दारापाशी वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबलं.

"प...पाणघोड्याचं आहे का काही?" ती म्हणाली.

"आहे," मी म्हटलं. "दोन आहेत. चल, दाखवते."