अठ्ठेचाळीस टक्के

भोंगवलीच्या ठकुबाई मला ओट्याच्या वर कधी येऊ देत नसत. नर्सबाई म्हणून मान होता, सुई टोचून घ्यायला हात पुढे येत होते, पण मी कुणाच्या घरची हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पाणी पितळेच्या तांब्यातून वरून ओतायचं, चहा विचारायचा नाही. मला त्याचा राग यायचा आणि मी तो गिळून कामाला लागायचे. भोर तालुक्यात नर्सची नोकरी करायची तर राग गिळायला शिकावंच लागतं.

त्या दिवशी मात्र त्यांची सून रतनबाई मला रस्त्यात गाठून घरी घेऊन गेली, तीही हसत. "बाई, आमच्या इंदीचं बाळसं बघून जावा की. दुष्काळात नुसती काटकी झाली हुती."

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं होत आली होती. त्या दुष्काळात या घरानं म्हैस विकली, ती परत दावणीला आलीच नाही. रतनबाईला मुलगा झाला, तशी दोन वर्षांची इंदी अंगावरून तोडली. तेव्हापासून पोरगी कण्यांच्या पेजेवर आणि चहात बुडवलेल्या भाकरीवर होती. बाप गेनू गावच्या दूध संकलन केंद्रावर कामाला. सकाळ-संध्याकाळ गावभरचं दूध मोजायचा, नळ्यांत घालून फॅटचे टक्के काढायचा, कॅन भरून गाडीत चढवायचा. त्याच्या लेकीला मात्र त्यातलं वाटीभर मिळत नव्हतं, कारण दूध घरात ठेवायला तेव्हा कुणालाच परवडत नव्हतं. असल्या व्यवहाराला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

रतनबाईनं इंदीला ओट्यावर आणून बसवलं. गाल फुगलेले, पाय गुबगुबीत. केस तेवढे विरळ आणि तांबूस झाले होते. पोरगी हसली नाही, रडली नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एरवी गावातली पोरं मला बघून गोठ्यात पळतात, ही ढिम्म बसून राहिली.

मी तिच्या पायावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. भिजवलेल्या पिठात बोट रुतावं तसा.

"हे बाळसं नाही, रतनबाई. ही सूज आहे."

"सूज कशी आसंल?" ठकुबाई दारातून म्हणाल्या. "पोरीला फारिनचा डबा चालू हाय. डाक्टरच्या पोरांस्नी मिळायचा न्हाई आसला."

"कसला डबा? दाखवा बघू."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. डबा चुलीपाशी, देवाच्या कोनाड्याखाली होता, आणि तिथं मला मज्जाव. शेवटी रतनबाईच आत गेली आणि डबा, चमचा, वाटी असं सगळं ओट्यावर घेऊन आली. ठकुबाईंनी तिला अडवलं नाही, तेव्हाच मला कळलं की त्याही आतून घाबरल्या आहेत.

डब्याची हकिगत रतनबाईनं अभिमानानं सांगितली. दूध पोचवायला गेलेला गेनू कापूरहोळला थांबला होता. तिथं दुष्काळी मदतीचं उरलंसुरलं सामान परत नेणारी एक जीप बिघडून उभी होती. त्यानं ढकलायला हात दिला, बोलता बोलता पोरीचं सांगितलं, आणि त्यांनी हा एक डबा काढून दिला. मका, सोयाबीन आणि दुधाची पूड. वरचं सगळं इंग्रजीत. गेनू सातवी झालेला, आकडे आणि अक्षरं लावून वाचणारा. त्यानं रात्री कंदिलापाशी बसून डबा वाचला आणि बायकोला हिशेब घालून दिला.

"काय हिशेब?"

"ह्ये बगा की." तिनं डब्यावर बोट ठेवलं. "हितं प्रोटीन अठ्ठेचाळीस टक्के लिवलंय. म्हंजी पोराला दिसाला लागतं त्याच्या निम्मं. सकाळी एक चमचा, सांजच्याला एक चमचा. शहाण्णव झालं. ऱ्हायलं चार, ते भाकरीतनं मिळत्यात. त्येंनीच सांगितलं."

मी डबा हातात घेतला. आकडा बरोबर होता. लहान मुलाच्या दिवसाच्या गरजेच्या अठ्ठेचाळीस टक्के, तेही बरोबर. पण त्या तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत एक ओळ होती: साठ ग्रॅमला. खालचे सगळे टक्के त्या साठ ग्रॅमचे होते, चमच्याचे नव्हते.

गेनू मूर्ख नव्हता, हे मला आजही ठासून सांगायचंय. तो रोज टक्क्यांतच वावरायचा. म्हशीच्या दुधाला सात फॅट लागली की ती कॅनलाही सात आणि लोट्यालाही सात. कमी घ्या, जास्त घ्या, आकडा हलत नाही. तोच कायदा त्यानं डब्याला लावला. पण दुधाचे टक्के दुधात काय आहे ते सांगतात, आणि डब्याचे टक्के पोटाची गरज किती भागली ते. ते घासाबरोबर वाढतात आणि घासाबरोबर घटतात. हे त्याला कुणी सांगायचं? जीपवाले डबा देऊन निघून गेले होते.

चमचा चहाचा होता. मी पिशवीतला छोटा तराजू काढून रतनबाईसमोर एक चमचा पूड तोलली. शिगोशीग भरून पाच ग्रॅम.

"साठ ग्रॅम म्हणजे असे बारा चमचे," मी म्हणाले. "बारा चमच्यांत अठ्ठेचाळीस. मग एका चमच्यात?"

तिला भागाकार येत नव्हता, पण घर चालवणाऱ्या बाईला वाटणी येते. तिनं ओट्यावर बोटानं बारा रेघा ओढल्या आणि अठ्ठेचाळीस त्यांच्यात वाटत बसली. एकेका रेघेला एक, मग दोन, मग तीन. चौथ्या फेरीला आकडा संपला.

"चार," ती म्हणाली.

"आणि दिवसाचे दोन चमचे?"

"आठ." मग तिनं रेघा पुन्हा एकदा मोजल्या. "शंबरातलं आठ व्हय, बाई?"

"आठ."

"चिपटंभर तांदळात निम्मं घर जेवतं," ती हळूच म्हणाली, "म्हनून मूठभर टाकल्यावं बी निम्मं घर जेवलं, आसं समजून बसलो आमी."

मला तिला आणखी काही समजावायची गरज उरली नाही. ठकुबाईंना मात्र उमगलं नव्हतं. त्या कौतुकानंच सांगू लागल्या की सुनेचा हात कसा राखून, दुसरीनं पंधरा दिवसांत डबा फस्त केला असता, हिनं तीन महिने पुरवत आणला. खरंच होतं ते. गावात त्या गुणाला फार किंमत. तेल, गूळ, साखर, सगळं पुरवून पुरवून वापरायचं, तळ दिसू द्यायचा नाही. डबा पंधरा दिवसांत संपायलाच हवा होता, हे त्या माउलीला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

त्याच दुपारच्या एसटीनं आम्ही इंदीला भोरच्या दवाखान्यात नेलं. एकदम पोटभर भरवून चालत नाही अशा मुलांना, आतडी आणि काळीज थकलेलं असतं. थोडं थोडं दूध, दर दोन तासांनी, सलाइन जपून. रतनबाई प्रत्येक वाटीला विचारायची, "ह्यात किती आलं, बाई?" मी सांगायचे. ती बोटांवर मोजून मिळवत जायची. दुसऱ्या दिवशी सूज थोडी उतरली आणि सुजेखालची पोरगी दिसली. काय होतं त्या सुजेखाली? कातडी आणि हाडं. रतनबाईनं तोंडात पदर कोंबला.

गेनू संध्याकाळचं दूध गाडीत चढवून यायचा आणि सकाळच्या दुधाला परत पळायचा. खाटेशी उभा राहून म्हणायचा, "डबा चालू ठेवलाय न्हवं? त्यो बंद करू नगा." मी मान हलवायचे.

तिसऱ्या दिवशी इंदीला ताप भरला, छाती घरघरू लागली. अंगात झुंजायला काही शिल्लकच नव्हतं. चौथ्या दिवशी दिवस उगवायच्या सुमारास ती गेली. गेनू तेव्हा केंद्रावर दूध मोजत होता.

त्याला निरोप गेला, आणि तो येईपर्यंत आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो. पोरगी रतनबाईच्या मांडीवर, लुगड्यात गुंडाळलेली. ती रडत नव्हती. ती एकदम म्हणाली, "बाई, ह्येस्नी सांगू नगा."

"काय?"

"आठाचं. त्येंनी लेकीसाठी हौसंनं आनला डबा. रातभर बसून वाचला. त्येस्नी कळलं तर त्यो मानूस जगायचा न्हाई. जगला तरी रोज त्याच टक्क्यांत हात घालायचाय त्येस्नी. सकाळ-सांज."

"आणि तू? तू कशी जगशील?"

"माझं काय," ती म्हणाली.

असलं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं. बायका स्वतःला कायम शेवटच्या रेघेवर का मोजतात, हे मला नोकरीच्या इतक्या वर्षांत कळलं नाही. पण तिच्या मांडीवर मेलेलं लेकरू होतं. मी हो म्हटलं.

दहाव्याला मी भोंगवलीला गेले. भावकी ओट्यावर बसली होती. ठकुबाईंनी मला आज वर बोलावलं, शेजारी पोतं अंथरलं. मला त्या मानाचं काय करायचं होतं? गेनू खांबाला टेकून बसला होता. डोळे खोल गेलेले.

"बाई," तो मला म्हणाला, "माझ्या ध्यानातच येत न्हाई. डबा तर रोज दिला. अठ्ठेचाळीस आन् अठ्ठेचाळीस. मग पोर गेली कशानं? म्या वाचायला चुकलो का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि खरं सांगणार नाही असं मी कबूल करून बसले होते.

आतून रतनबाई उंबऱ्यावर आली. कडेवर लहानगा.

"त्येंनी दोन सांगितलं हुतं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "म्या एकच घालत हुते. कवा कवा अर्धाच. डबा पुरावा म्हनून."

मग ठकुबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्यांच्या तोंडून नको नको ते निघू लागलं. आजवर हात राखून वापरण्याचं ज्या कौतुक करत होत्या, त्याच आता सुनेला पोरीच्या जिवावर उठलेली म्हणत होत्या. भावकीतल्या बायकांनी तोंडं फिरवली. मी उठायला गेले, तर रतनबाईनं नुसत्या डोळ्यांनी मला खाली बसवलं.

गेनूनं बायकोकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा श्वास मोकळा झाल्यासारखा दिसला, आणि त्या मोकळ्या श्वासाबरोबर असा काही राग चढला की तो तिच्याकडे पाठ करून बसला.

"म्या बराबर वाचलं हुतं," तो भिंतीला म्हणाला.

"व्हय," रतनबाई म्हणाली. "तुमी बराबर वाचलं हुतं."