काटा पावावर

पावशेरची गाडी माझ्या दारात परत उभी राहिली, तेव्हा मी बाकावर बसून एका स्कूटरची वायर सोलत होतो. मान वर न करता मी इंजिनाचा आवाज ओळखला. वर्षभर तो आवाज कानावर आला नव्हता, आणि येऊ नये असंच मला वाटत होतं.

पावशेर म्हणजे डायलिसिसच्या पेशंटना डोंगरावरच्या वस्त्यांतून दवाखान्यात नेणारा ड्रायव्हर. गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी व्हॅन. त्याने टाकी कधी भरून घेतली नाही. काटा पावावर आला की थोडं पेट्रोल टाकायचा, पुन्हा पावावर आला की पुन्हा थोडं. स्टँडवरच्या पोरांनी त्याचं नाव पावशेर ठेवलं आणि त्यालाही ते आवडायचं. घाटातल्या वळणावर एक ट्रक त्याच्या अंगावरून गेला. गाडी वर बंद पडलेली, आणि हा हातात रिकामा कॅन घेऊन पंपाकडे चालत निघालेला. भर दुपारी. पोलिसांनी टाकी पाहिली, कोरडी होती. सगळ्यांनी एकच म्हटलं, पेट्रोल न पाहता निघाला, निष्काळजी माणूस.

त्याच्या बायकोनेही तेच म्हटलं. प्रेत अंगणात आणलं तेव्हा तिने त्याच्या छातीवर मूठ आपटली आणि ओरडली, "काटा बघता येत नव्हता का तुला?" मी चार पावलांवर उभा होतो. मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही.

गाडीतून तीच उतरली. हातात किल्ली, अंगावर ड्रायव्हरचा खाकी शर्ट, बहुतेक त्याचाच, बाह्या दुमडलेल्या.

"काका, लायसन्स काढलंय मी. सोमवारपासून फेऱ्या माझ्या," ती म्हणाली. "दवाखान्यातून विचारलं होतं. पेशंट वर्षभर येणाऱ्या दुसऱ्या गाडीवाल्याच्या नावाने बोटं मोडतात."

"बरं केलंस पोरी."

"बरं कसलं. पाय थरथरतात अजून क्लचवर." ती जरा हसली, मग थांबली. "ह्या काट्याचं बघा. मला भीती वाटते त्याची."

मी स्कूटरची वायर खाली ठेवली. "भीती कसली?"

"दिवे लावले की तो वर चढतो. विझवले की खाली येतो. खड्ड्यात गाडी गेली की शून्यावर पडतो आणि पुन्हा उठतो. आणि सपाट रस्त्यावर गाडी फिरवली तर पावावर बसून राहतो, हलत नाही." ती आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही हसाल. काल मी त्याला विचारलं, तूच आहेस का रे, काय सांगतोयस? तर तो हलला."

मला हसू आलं नाही.

मी गाडीत बसलो. सीटला अजून त्याचा आकार होता. किल्ली फिरवली, दिवे लावले. पेट्रोलचा काटा उचलला, आणि त्याच्याबरोबर गरमीचा काटाही. इंजिन तर बंद होतं, दिवे लावताच गरमी कुठून वाढेल? दिवे बंद केले, दोन्ही काटे खाली.

"हे बघ," मी तिला खिडकीतून बोलावलं. "दोन्ही एकदम हलतात. दोघांत भूत शिरलेलं नाही. दोघांचा मागचा जमिनीचा जोड एकच आहे, त्याला आम्ही अर्थिंग म्हणतो. तो सैल झाला, की दिव्यांचा करंट वाट शोधत मीटरमधून फिरतो आणि काटे खोटं सांगायला लागतात."

"म्हणजे त्यात तो नाहीच?"

"तो नाही."

तिचा चेहरा उजळला नाही. उलट काहीतरी काढून घेतल्यासारखी ती मागे सरकली. मी बॅटरीची वायर काढली, डॅशबोर्डचे स्क्रू काढले, मीटर पुढे ओढला. मागे काळी वायर पत्र्याला बसवलेली होती आणि तिच्या बुडाशी हिरवा गंज. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईतो घासला, वायरीच्या टोकाला नवी टोपी दाबली, स्क्रू आवळला, वर थोडं ग्रीस. बॅटरी जोडून दिवे लावून पाहिलं. दोन्ही काटे जागच्या जागी.

पेट्रोलचा काटा पावावर होता.

"हं," ती म्हणाली. "आता बरोबर. पाव आहे ना? परवाच चार लिटर टाकलंय मी."

मी मनात हिशेब केला. चार लिटर, तेही कोरड्या टाकीत, आणि त्यातलं निम्मं तरी फिरून जळलं होतं. चाळीस लिटरच्या टाकीत पाव म्हणजे दहा लिटर. हे मला माहीत होतं. मला हेही माहीत होतं की टाकीपर्यंत जायला नको म्हणून मी आता इथेच थांबू शकतो. काटा नाचायचा बंद झाला, काम झालं. ती सोमवारी निघेल. वळणावर कुठेतरी गाडी थांबेल, मागे तीन पेशंट बसलेले असतील, आणि ती कॅन घेऊन खाली उतरेल.

"नाही," मी म्हणालो. "गाडी मागे अंगणात घे. टाकी उतरवावी लागेल."

गाडीखाली शिरून मी आधी टाकीतली पातळी मोजणाऱ्या फ्लोटची वायर काढली. आत बसलेल्या तिला सांगितलं, किल्ली फिरव आणि काटा बघ. वायर मोकळी सोडली. "शून्यावर," ती म्हणाली. वायर टाकीच्या पत्र्याला टेकवली. "चढला काका, भरलेला दाखवतो." म्हणजे वायर चांगली, मीटर चांगला, पत्र्याचा जोडही चांगला. जे खोटं आहे ते टाकीच्या आत आहे.

मग बॅटरी काढली आणि टाकीत उरलेलं पेट्रोल कॅनमध्ये काढलं. जेमतेम दीड लिटर निघालं. मी कॅन तिच्यासमोर ठेवला. ती कॅनकडे बघत राहिली, मग डॅशबोर्डकडे.

टाकी खाली आली. ह्या गाडीची टाकी भरलेली असली तर दोन माणसांनाही भारी पडते, म्हणून आम्ही मेकॅनिक लोक गिऱ्हाईकाला सांगतो, रिकामी करून आण. मीही सांगितलं होतं. त्याला.

फ्लोटची चकती फिरवून मी तो बाहेर काढला. लांब तारेच्या टोकाला फुगा, दुसऱ्या टोकाला पितळेची जीभ, आणि ती जीभ ज्या पट्टीवर घासत जाते ती पट्टी. पेट्रोल खाली गेलं की फुगा खाली जातो, जीभ पट्टीवर सरकते, काटा खाली येतो. मी ती पट्टी उजेडात धरली. एका जागी खोल खाच पडली होती. बाकी पट्टी जवळजवळ नवी.

"ही कुठली जागा?" तिने विचारलं.

"पावाची."

तिला समजायला वेळ लागला नाही. तो वर्षानुवर्षं पावावरच गाडी चालवायचा. तारेची जीभ वर्षानुवर्षं त्याच तेवढ्या जागेवर पुढेमागे घासली. मी फुगा उचलला आणि हळूच सोडला. तो खाली आला, पावाशी आला आणि खाचेत अडकला. खाली हवाच होती, तरी तो लटकून राहिला. मी तारेला टिचकी मारली तेव्हा पडला. खड्ड्यात गाडी आपटली की हीच टिचकी बसायची. जीभ खाचेतून उडायची, काटा शून्यावर पडायचा, टाकी हिंदकळली की फुगा वर यायचा आणि पुन्हा अडकायचा.

"मला द्या," ती म्हणाली.

तिने फुगा उचलला, सोडला. अडकला. पुन्हा उचलला, सोडला. अडकला. पाचसहा वेळा तिने तेच केलं. अंगणात पेट्रोलचा वास भरला होता. मी कॅनचं झाकण घट्ट लावलं.

"तो पावावर आला की टाकायचा," ती म्हणाली. "रोज. मग त्या दिवशी का नाही टाकलं?"

हा प्रश्न गेलं वर्षभर मी रोज ऐकत होतो, फक्त तिच्या तोंडून नाही. दुकानात कुठल्याही गाडीची किल्ली फिरवली आणि काटा वर उठला, की मला वाटायचं, पावावर थांबू नये. थांबला की मी दुसरीकडे बघायचो.

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली.

"आदल्या आठवड्यात तो माझ्याकडे आला होता. काटा नाचतो म्हणाला. तेव्हा टाकी जवळजवळ भरलेली. कोणीतरी पेशंटने भरून दिली होती. मी म्हटलं, एवढी जड टाकी मी उतरवत नाही. पाव झाली की भरू नकोस, पावाच्या खाली गेली की घेऊन ये. तो हो म्हणाला." मी हातातला पाना खाली ठेवला. "त्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, मिस्त्री, तुमचं ऐकून मी पेट्रोल टाकलं नाही, पण काटा दोन दिवस पावावरून हलत नाही. मला तेव्हाच समजायला हवं होतं. चालत्या गाडीचा काटा दोन दिवस हलत नाही म्हणजे तो अडकलाय, हे मला झोपेतही कळायला हवं. मी काय बोललो माहितीये? मी म्हटलं, मग अजून दोन फेऱ्या मार की लाडक्या. आणि हसलो. तोही हसला."

ती फुगा घेऊन खाली बसली.

"मी त्याला विचारलं होतं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. काटा बघता येत नव्हता का म्हणून."

"हो."

"तुम्ही तिथेच होतात."

"होतो."

"तो बघतच होता काका. तोच तर बघत होता."

मी खाली बघितलं. ती उठली, फ्लोट वर्तमानपत्रात गुंडाळला आणि काखेत धरला.

"नवा बसवा," ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता. "मी इथेच थांबते."

नवा फ्लोट दुकानात होता. बसवायला दोन तास लागले. तेवढा वेळ ती अंगणातून हलली नाही. टाकी वर चढवली, जोड केले, कॅनमधलं दीड लिटर परत ओतलं. काटा शून्यावरून जेमतेम सुटला. पंपावर जाऊन पाच लिटर घेतलं, तसा काटा थोडा उचलला. आणखी पाच घेतल्यावर पावाच्या किंचित पुढे गेला. कच्च्या रस्त्याने गाडी नेली, खड्ड्यातून आपटून पाहिली, दिवे लावले. काटा जरासा डुलायचा आणि जागेवर यायचा.

मी उतरायला दार उघडलं. ती म्हणाली, "बसा."

"कुठे जायचं?"

"घरी. सासूबाईंनी वर्षभर त्याच्या फोटोला हार घातलेला नाही. म्हणतात, स्वतःच्या आळसाने गेलास पोरा, तुला काय हार घालू." तिने गिअर टाकला. "जे मला सांगितलं ते त्यांना सांगा. फोनसकट."

वाटेत तिने दोनदा काट्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

म्हातारी ओट्यावर बसून धान्य निवडत होती. सुनेने फ्लोट वर्तमानपत्रातून काढून तिच्या हातात दिला आणि बाजूला उभी राहिली. मी सांगितलं. टाकी, पाव, सकाळचा फोन, माझं हसणं. सगळं.

म्हातारीने ऐकून घेतलं. फुगा बोटाने उचलला, सोडला. तो अडकला. तिने तो तसाच लटकू दिला.

"म्हणजे माझा पोरगा सांगितल्यासारखा वागला," ती म्हणाली.

"हो आई."

"आळशी नव्हता."

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला कोणी बस म्हटलं नाही, मीही बसलो नाही. मग तिने सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "पुन्हा सांग. पहिल्यापासून. तो फोनवर काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत सांग."

मी पुन्हा सांगायला लागलो.